खांदा, गुडघा, कंबर: आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुमच्याकडे कोणकोणत्या तक्रारींवर उपचार होतात?

सांधे, स्नायू आणि मणका, हे आमचं मुख्य काम. सगळ्यात जास्त पेशंट येतात ते आखडलेल्या खांद्याचे, कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेचे आणि गुडघ्याचे. गुडघ्यात झीज झालेलेही येतात आणि सांधा बदलून आलेलेही. याशिवाय मानदुखी, टाचदुखी, मुरगळलेला घोटा आणि प्लास्टर काढल्यावर मनगटात किंवा कोपरात राहिलेला कडकपणा यांवर रोज काम चालतं. पक्षाघाताच्या पेशंटकडे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी घरी जातो, पण गावाच्या हद्दीतच.

लहान मुलांच्या वाढीच्या अडचणी, उदाहरणार्थ सेरेब्रल पाल्सी, आम्ही हाती घेत नाही. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण, वेगळी साधनं आणि वाचोपचार, व्यवसायोपचार करणाऱ्यांची सोबत लागते, आणि ती आमच्याकडे नाही. अशा मुलांना आम्ही तसं केंद्र असलेल्या रुग्णालयाचा पत्ता देतो.

डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर येऊ का?

या. तपासून सांगू. मात्र काही लक्षणं अशी आहेत की तेव्हा आमच्याकडे न येता थेट रुग्णालयात जायला हवं. कंबरदुखीसोबत लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, किंवा पाऊल उचलताना चप्पल घसटू लागली, तर त्याच दिवशी जा. पायाकडे जाणाऱ्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ती खूण असू शकते आणि तिथे तासांनी फरक पडतो. पडल्यानंतर हातापायावर भार देता येत नसेल, तर आधी एक्स-रे काढा. रात्री झोपूनही न थांबणारं दुखणं, सोबत ताप किंवा कारण नसताना घटलेलं वजन, किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असणं, असं काही असेल तर आधी डॉक्टरांची तपासणी आणि मग आम्ही.

तुमचं शिक्षण काय झालं आहे?

क्लिनिकमधल्या दोघांनीही नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.पी.टीएच. पदवी घेतली आहे. आमच्या वेळी हा अभ्यासक्रम ४ वर्षांचा होता आणि त्यावर ६ महिन्यांची इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया, मग हालचालींचं शास्त्र, व्यायामोपचार, विद्युतोपचार आणि शेवटी अस्थी, मेंदू-मज्जासंस्था, हृदय-फुप्फुस अशा विभागांतलं प्रत्यक्ष काम. इंटर्नशिपमध्ये वॉर्डात पेशंटला पहिल्यांदा पलंगावरून उठवण्यापासून सगळं स्वतः करावं लागतं. त्यानंतर आमच्यापैकी एकाने अस्थी-स्नायू या विषयात २ वर्षांची एम.पी.टीएच. ही पदव्युत्तर पदवी घेतली.

या दोन पदव्यांखेरीज भिंतीवर मॅटलंड आणि मलिगन पद्धतींची प्रमाणपत्रं दिसतील. या दोन्ही सांध्याला हाताने हलकी, मोजकी हालचाल देण्याच्या पद्धती आहेत. पहिली ऑस्ट्रेलियात आणि दुसरी न्यूझीलंडमध्ये विकसित झाली. हे अभ्यासक्रम काही दिवसांचे असतात, वर्षांचे नाही. ते पदवीनंतरची भर म्हणून चांगले आहेत. ज्यांच्याकडे फक्त असं प्रमाणपत्र आहे आणि पदवी नाही, त्यांना फिजिओथेरपिस्ट म्हणता येत नाही.

हे आम्ही कसं पडताळून बघायचं?

नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांच्यासाठी स्वतंत्र राज्य परिषद आहे, आणि तिच्याकडे नोंदणी असल्याशिवाय इथे व्यवसाय करता येत नाही. आमचे दोन्ही क्रमांक केसपेपरवर छापलेले आहेत. २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि फिजिओथेरपी त्यात आली. क्रमांक विचारल्यावर कुणी टाळाटाळ केली, तर तेच उत्तर समजा. कुणी विचारलं म्हणून आम्हाला राग येत नाही, उलट प्रत्येकाने विचारावं असं आम्हाला वाटतं. कारण सुटलेले खांदे आणि मोडलेली मनगटं आधी चोळून, ओढून घेऊन मग आमच्याकडे आलेली माणसं आम्ही दर महिन्याला पाहतो, आणि तोवर गेलेला वेळ परत मिळत नाही.

पहिल्या भेटीत काय होतं?

साधारण ४५ मिनिटं लागतात. त्यातली पहिली १५ मिनिटं फक्त बोलणं. दुखणं कधी सुरू झालं, रात्री जाग येते का, दिवसातलं कुठलं काम अडलंय. काम हा प्रश्न आम्ही नेमका विचारतो. ‘खांदा दुखतो’ यावरून उपचार ठरत नाही. ‘ब्लाउजचा मागचा हूक लावता येत नाही, पण केस विंचरता येतात’ यावरून बरंच ठरतं.

मग तपासणी. गोनिओमीटर नावाची कोन मोजायची पट्टी असते, तिने दोन्ही बाजूंचे सांधे मोजतो आणि आकडे केसपेपरवर लिहितो. तुमचा सांधा आधी तुम्ही स्वतः हलवायचा, मग तुम्ही हात ढिला सोडायचा आणि आम्ही हलवायचा. या दोन आकड्यांतला फरक फार महत्त्वाचा आहे, त्याबद्दल पुढे येतंच. येताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि मधुमेह असेल तर शेवटचा एचबीए१सी आणा. खांद्यासाठी सैल बाह्यांचे आणि गुडघ्यासाठी वर सरकणारे कपडे घाला.

माझा खांदा ‘जाम’ झालाय. तो फ्रोझन शोल्डरच आहे हे कशावरून?

खांदा दुखला की सगळ्यालाच फ्रोझन शोल्डर म्हणायची पद्धत पडली आहे. तसं नसतं. खऱ्या आखडलेल्या खांद्यात सांध्याभोवतीची पिशवी, म्हणजे कॅप्सूल, आधी सुजते आणि मग जाड होऊन आक्रसते. जुना स्वेटर धुतल्यावर आटतो तसं. हाड ठीक असतं, म्हणून एक्स-रे बहुधा नॉर्मल येतो.

ओळखायची खूण अशी. कोपर कमरेला टेकवा, ९० अंशात दुमडा आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळवा, दाराचं फळकूट उघडावं तसा. चांगल्या बाजूला हात साधारण ६० अंशांपर्यंत किंवा त्याहून जास्त वळतो. आखडलेल्या खांद्यात हीच हालचाल सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जाते. आणि मुख्य गोष्ट, आम्ही हात वळवला तरी तो तिथेच अडतो. स्नायूची दोरी फाटलेली असेल, तर पेशंटला स्वतः हात वर नेता येत नाही, पण आम्ही धरून नेला तर जातो. मघाशी सांगितलेला दोन आकड्यांतला फरक तो हा. दोघांचे व्यायाम वेगळे, म्हणून ही तपासणी केल्याशिवाय आम्ही काहीच सुरू करत नाही.

हा आजार मुख्यतः ४० ते ६० या वयात येतो आणि बायकांमध्ये जास्त दिसतो. मधुमेह आणि थायरॉईड असणाऱ्यांत त्याचं प्रमाण बरंच वाढतं. म्हणून ज्यांना साखर असल्याचं माहीत नाही, त्यांनाही आम्ही एकदा तपासून घ्यायला सांगतो.

बरं व्हायला किती दिवस लागतील?

दिवसांत नाही, महिन्यांत मोजा. बहुतेकांना १ ते ३ वर्षं लागतात. हे ऐकून पेशंट हिरमुसतात हे आम्हाला माहीत आहे, पण पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं. ‘पंधरा दिवसांत मोकळा’ असं ऐकून आलेला माणूस सोळाव्या दिवशी व्यायाम सोडतो, आणि खरं नुकसान तिथे होतं.

आजाराचे तीन टप्पे पडतात. पहिल्यात दुखणं वाढत जातं, त्या कुशीवर झोपवत नाही आणि हालचाल हळूहळू कमी होते. दुसऱ्यात दुखणं उतरतं, पण खांदा गच्च असतो. तिसऱ्यात तो सुटत जातो. प्रत्येक टप्पा काही महिन्यांचा. मधुमेह असेल तर सगळंच लांबतं. फिजिओथेरपीने हे टप्पे वगळता येत नाहीत. पहिल्यात झोप परत आणता येते, दुसऱ्यात हालचाल आणखी जाऊ नये हे बघता येतं, आणि तिसऱ्यात परत येणारी हालचाल पूर्णपणे वापरात आणता येते.

शेवटी थोडा कडकपणा बऱ्याच जणांना राहतो, विशेषतः हात पाठीमागे वर नेताना. रोजच्या कामात तो बहुधा जाणवत नाही. तोच खांदा पुन्हा आखडणं क्वचित होतं, पण काहींना पुढच्या काही वर्षांत दुसरा खांदा धरतो.

एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

समजा, ५३ वर्षांच्या शिवणकाम करणाऱ्या काकू आहेत. मधुमेह ८ वर्षांपासून. उजवा खांदा ४ महिने दुखतोय, रात्री तीनदा जाग येते. डावा हात बाहेर ६५ अंश वळतो, उजवा फक्त १०. समोरून वर उचलला तर १०५ अंशांवर अडतो. पाठीमागे नेला तर अंगठा जेमतेम नितंबापाशी पोचतो. आम्ही हलवला तरी हेच आकडे. एक्स-रे नॉर्मल. म्हणजे पहिला टप्पा, दुखणं तापलेलं.

पहिले ६ आठवडे ताण द्यायचा नाही. ओट्याला डावा हात टेकून पुढे वाकायचं, उजवा हात लोंबता सोडायचा आणि अंग हलवून त्याला झुलू द्यायचं, एका वेळी एक मिनिट, दिवसातून ४ वेळा. इथे सगळ्यांची एकच चूक होते. हात स्वतः फिरवतात. हात फिरवायचा नसतो, कमरेने झुलवायचा असतो. दुसरा व्यायाम टेबलावर. हाताखाली सुती कापड ठेवून ते पुढे सरकवत न्यायचं, ५ सेकंद थांबायचं आणि परत यायचं, १० वेळा. तिसरा काठीचा. दोन्ही हातांत लाटण्याएवढी काठी धरायची आणि डाव्या हाताने उजव्याला हळूच बाहेर ढकलायचं, तेही ५ सेकंद. झोपताना उजव्या कोपराखाली घडी घातलेली चादर ठेवायची, म्हणजे हात मागे पडून ओढ बसत नाही. निव्वळ या चादरीने अनेकांची एक जाग कमी होते. मशीनवर बसणं बंद करायचं नाही. कापड ओढताना हात लांब ताणायला लागू नये म्हणून खुर्ची पुढे घ्यायची आणि दर अर्ध्या तासाने उठायचं.

या काळात क्लिनिकमध्ये आठवड्यातून एकदा येणं पुरतं. ६ आठवड्यांनी मोजलं तर बाहेर वळणं १० वरून १५ झालेलं असेल. एवढंच. आकड्याकडे बघितलं तर काहीच झालं नाही असं वाटतं. पण रात्रीची जाग तीनवरून एकवर आली असेल, तर आम्ही त्याला प्रगती म्हणतो. दुखणं उतरल्याशिवाय कोन वाढत नाही.

दुखणं उतरलं की ताण द्यायला सुरुवात. आधी १० मिनिटं गरम शेक, मग तेच काठीचे व्यायाम, पण आता टोकाला २० ते ३० सेकंद थांबून, ५ वेळा, सकाळ-संध्याकाळ. क्लिनिकमध्ये आम्ही सांध्याचा गोळा खोबणीत हाताने सरकवतो. आठवड्यातून दोनदा, ६ ते ८ आठवडे. अशा काकूंचं तिसऱ्या ते चौथ्या महिन्यात बाहेर वळणं ३० च्या आसपास आणि वर उचलणं १३० असावं. सहाव्या महिन्यात ४५ आणि १५०, म्हणजे वरच्या फळीवरचा डबा निघतो. हात पाठीमागे नेणं सगळ्यात शेवटी येतं. टॉवेल दोन्ही हातांत पाठीमागे धरून वरच्या हाताने खालचा ओढायचा व्यायाम आम्ही या टप्प्यावरच देतो, आधी नाही. वर्षभराने हूक लागतो, कदाचित डाव्या हातापेक्षा दोन बोटं खाली. आम्ही पहिल्या दिवशी हेच उद्दिष्ट लिहून देऊ. हे आकडे प्रत्येकाचे वेगळे असतात, क्रम मात्र बहुतेकांचा असाच जातो.

जोर लावून एकदाच मोकळा करता येत नाही का?

तापलेल्या खांद्यावर जोर लावला तर तो आणखी सुजतो आणि आणखी आक्रसतो. नेदरलँड्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७७ पेशंटची दोन वर्षं नोंद ठेवली होती. एका गटाला दुखण्याच्या मर्यादेत राहून हलके व्यायाम, दुसऱ्याला दुखण्यापलीकडे नेणारा जोरदार ताण. दोन वर्षांनी हलक्या व्यायामाच्या गटातले जास्त लोक चांगल्या स्थितीत होते. ‘रडवल्याशिवाय खांदा सुटत नाही’ ही समजूत अजून खूप ठिकाणी आहे, आणि ती आम्हाला मनापासून खटकते.

आमचा नियम साधा आहे. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण थांबल्यावर अर्ध्या तासात ते पूर्वीच्या पातळीवर यायला हवं, आणि त्या रात्री झोप नेहमीपेक्षा वाईट होता कामा नये. दोन्हीपैकी एकही मोडलं, तर दुसऱ्या दिवशी व्यायाम निम्मा करा. बंद करू नका.

भूल देऊन खांदा फिरवणं किंवा दुर्बिणीने कॅप्सूल सोडवणं हे उपाय आहेत, पण ते सर्जनचे. अनेक महिने नेमाने व्यायाम करूनही कोन हलला नाही तर तो विचार होतो. त्यानंतरही व्यायाम चुकत नाही, उलट पहिल्या आठवड्यांत रोज यावं लागतं.

डॉक्टरांनी सांध्यात इंजेक्शन सुचवलंय. घेऊ का?

निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा. आमचा अनुभव आणि अभ्यास इतकं सांगतो की स्टिरॉइडचं इंजेक्शन पहिल्या, दुखऱ्या टप्प्यात सगळ्यात उपयोगी पडतं. पुढचे काही आठवडे दुखणं कमी राहतं, आणि तीच व्यायामाची संधी असते. इंजेक्शन घेऊन व्यायाम केला नाही तर तो काळ वाया जातो. खांदा नुसताच कडक असेल आणि दुखत नसेल, तर इंजेक्शनचा फायदा कमी. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस, कधी आठवडाभर, साखर चढते. म्हणून साखर घरी तपासत राहा आणि गोळ्यांत बदल करायचा का, ते आधीच तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

तुमच्याकडे करंट, शेक, मशीन आहे ना?

आहे. दुखणं तात्पुरतं कमी व्हावं म्हणून ते वापरतो, म्हणजे नंतरचा व्यायाम नीट होतो. पण फक्त मशीन लावून घरी पाठवत नाही. आक्रसलेलं कॅप्सूल करंटने लांब होत नाही आणि अशक्त मांडी शेकाने भरत नाही. १० भेटींत ९ वेळा फक्त मशीनच लागलं असेल, तर ते कुठल्याही क्लिनिकमध्ये असो, विचारा की माझा व्यायाम कुठे आहे. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर तिथे गरम शेक घरीसुद्धा घेऊ नका. चटका कळत नाही आणि फोड येतो.

गुडघा बदललाय. आता काय अपेक्षा ठेवू?

बहुतेक रुग्णालयांत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभं करतात. त्यानंतर आमचं लक्ष दोन आकड्यांवर असतं, गुडघा किती सरळ होतो आणि किती वाकतो. पेशंटचं सगळं लक्ष वाकण्यावर असतं, आमचं आधी सरळ होण्यावर. गुडघा ५ ते १० अंश वाकलेलाच राहिला तर प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू राबत राहतो, पाय आखूड वाटतो आणि लंगडणं जात नाही.

आणि इथे घरोघरी होणारी चूक म्हणजे गुडघ्याखालची उशी. ती ठेवली की आराम वाटतो, म्हणून घरचे प्रेमाने ठेवतात. पण रात्रभर गुडघा वाकलेला राहतो आणि तसाच धरतो. उशी ठेवायचीच असेल तर टाचेखाली ठेवा आणि गुडघा खाली लोंबू द्या, १० मिनिटं, दिवसातून ३ ते ४ वेळा.

वाकण्याचा अंदाज असा. दोन आठवड्यांत ९० अंशांच्या जवळ आणि ६ ते १२ आठवड्यांत ११० ते १२०. जिना चढायला साधारण ९० ते १०० पुरतात. ६ ते ८ आठवड्यांनंतरही ९० ला पोचला नाही, तर आम्ही व्यायाम वाढवत बसत नाही, तुम्हाला सर्जनकडे परत पाठवतो. भूल देऊन गुडघा वाकवायचा असेल तर तो लवकर केलेला बरा, उशीर झाला की चिकटलेलं घट्ट होतं. ऑपरेशनआधी गुडघा किती वाकत होता, यावरही नंतर तो किती वाकेल हे बरंच ठरतं. आधी ८० च होता, तर १२० ची आशा धरू नका.

संध्याकाळची सूज आणि हाताला लागणारा कोमटपणा ३ ते ६ महिने राहू शकतो, त्याला घाबरू नका. पण पोटरी अचानक सुजून दुखायला लागली, धाप लागली किंवा टाक्यांतून पाणी येऊन ताप आला, तर आम्हाला फोन करण्याआधी रुग्णालय गाठा. सुधारणा वर्षभर चालू राहते. मांडी घालून जमिनीवर बसणं, भारतीय पद्धतीचा संडास आणि गुडघे टेकून देवाला नमस्कार यांबद्दल तुमच्या सर्जनचं म्हणणं पाळा. बहुतेक जण ते टाळायलाच सांगतात, म्हणून कमोड, स्नानगृहात दांडी आणि पूजेसाठी उंच चौरंग यांची सोय ऑपरेशनआधीच करून ठेवा.

एमआरआयमध्ये ‘गादी सरकलीय’ आणि ‘मणक्यात गॅप’ आहे म्हणे. ती जागेवर बसवता का?

नाही. हाताने कुणीच बसवू शकत नाही. गादी ही दोन मणक्यांमध्ये घट्ट चिकटलेली चकती आहे. ती घसरून बाजूला जात नाही, तिच्या आतला मऊ भाग बाहेर फुगतो. दिलासा असा की हा बाहेर आलेला भाग शरीर बऱ्याचदा स्वतःच शोषून घेतं, आणि पायात उतरणारी कळ बहुतेकांची ६ ते १२ आठवड्यांत बरीच उतरते. ‘गॅप’ म्हणजे पोकळी वाढली असा अर्थ लोक घेतात. रिपोर्टमध्ये बहुधा उलट लिहिलेलं असतं, की चकतीची उंची कमी झाली. पाठ अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या माणसांचा एमआरआय काढला तरी निम्म्याहून जास्त जणांत असे बदल सापडतात. म्हणून आम्ही फिल्मवर नाही, तुमच्या पायाच्या ताकदीवर आणि कळ कुठपर्यंत जाते यावर उपचार ठरवतो. कळ पोटरीवरून मांडीत आणि मांडीतून कंबरेत सरकत आली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण आहे. उलटी खाली उतरत गेली तर तो व्यायाम त्याच दिवशी थांबवून कळवा.

पट्टा प्रवासात किंवा तीव्र दुखण्याच्या पहिल्या आठवड्यात ठीक. महिनोन् महिने बांधून ठेवला तर त्याची सवय लागते. अंथरुणात पडून राहायचे दिवस दोनच्या वर नेऊ नका. घरात दर तासाला चार फेऱ्या मारा.

पक्षाघातानंतर किती सुधारणा होते?

पहिल्या ३ महिन्यांत सगळ्यात वेगाने, त्यानंतर सावकाश. पाय सहसा हाताच्या आधी सुधारतो. बोटांची बारीक हालचाल सगळ्यात उशिरा, आणि काहींना ती पूर्ण येत नाही. नेमकं किती येईल हे पहिल्या आठवड्यात छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. घरच्यांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगतो. उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका. स्नायूंनी पकडलेला नसल्यामुळे तो खांदा खाली घसरलेला असतो, ओढल्याने तो दुखायला लागतो आणि मग हाताचा व्यायामच करता येत नाही. कंबरेला जाड कापडी पट्टा बांधा आणि त्याला धरून उठवा.

एकूण किती वेळा यावं लागेल, आणि फायदा होत नाही हे कधी समजायचं?

आकडा तपासणीनंतर लिहून देतो. सुरुवातीला ६ भेटींपलीकडचं पॅकेज आम्ही कुणालाच देत नाही. सहाव्या भेटीला पुन्हा मोजमाप घेतो, तीच पट्टी आणि तेच प्रश्न. झोप, कोन, ताकद किंवा अडलेलं काम यांपैकी एकाही गोष्टीत फरक नसेल, तर तीन शक्यता असतात. निदान चुकलंय, व्यायामाची मात्रा चुकलीय, किंवा घरी व्यायाम होत नाहीये. तिसरी सगळ्यात जास्त वेळा निघते, म्हणून आधी ती मोकळेपणाने विचारतो. आठवड्यातले दोन तास आमच्याकडे आणि बाकीचे १६६ तास तुमच्या घरी, सांध्याला फरक पडतो तो तिथे. व्यायाम जमत नसेल तर लपवू नका. सात व्यायाम देऊन एकही न होण्यापेक्षा आम्ही दोनच देऊ, आणि ते भाजी शिजेपर्यंतच्या वेळात ओट्यापाशी बसतील असे निवडू.

मध्ये ताप, लग्नकार्य किंवा गावी जाणं यामुळे आठवडा चुकला, तर परत आल्यावर आधीच्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करा आणि ३ ते ४ दिवसांत पूर्ववत आणा. चुकलेलं भरून काढायला एका दिवशी तिप्पट करू नका. सोमवारी सकाळी सुजलेला सांधा घेऊन येणाऱ्यांत असे पेशंट दर आठवड्याला असतात.